वायदा प्रोग्राममधील रोलओव्हर

वायद्यात आपोआप सौदे करणारा प्रोग्राम मुदत संपत आलेला करार सोडून पुढच्या महिन्याच्या करारावर जातो, त्याला रोलओव्हर म्हणतात. हे करताना भावाची मालिका तुटता कामा नये, आणि बाजारात असलेली पोझिशन व ऑर्डरीही निराधार राहता कामा नयेत. हाताने व्यवहार करणारा माणूस हे बदल नजरेने सांभाळतो. प्रोग्रामला मात्र दोन करारांच्या भावांतला फरक आणि बाजाराची खरी हालचाल वेगळी ओळखता येत नाही, म्हणून ती ओळख त्याच्यात आधी लिहून ठेवावी लागते.

न्यूयॉर्कच्या नायमेक्स बाजारातल्या डब्ल्यूटीआय कच्च्या तेलाचे उदाहरण इथे सोयीचे आहे. एक करार १,००० बॅरलचा असतो, भाव डॉलर प्रति बॅरल असतो आणि दर महिन्याला एक करार संपतो. `CLN6` म्हणजे जुलैचा करार आणि `CLQ6` म्हणजे ऑगस्टचा. `CL` तेलाचे, त्यापुढचे अक्षर महिन्याचे, शेवटचा अंक वर्षाचा. जुलैच्या करारातले व्यवहार जुलैत बंद होत नाहीत. आदल्या महिन्याच्या २५ तारखेच्या साधारण तीन कामकाजी दिवस आधी, म्हणजे जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच ते थांबतात. करारावर लिहिलेला महिना वाचून एक्स्पायरी ठरवणारा प्रोग्राम इथे पहिल्याच फेरीत फसतो. सोने किंवा गहू यांसारख्या वायद्यांत तर शेवटच्या दिवसाची वाट पाहणेही चुकीचे ठरते. तिथे डिलिव्हरीची पहिली नोटीस निघण्याचा दिवस त्याआधी येतो, आणि खरी मर्यादा तीच असते.

शेवटच्या दिवसापर्यंत थांबण्याचे टोकाचे उदाहरण २० एप्रिल २०२० चे. दुसऱ्या दिवशी संपणारा मे महिन्याचा करार त्या दिवशी उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, तर जूनचा करार २०.४३ डॉलरवर. एकाच मालाच्या लागोपाठच्या दोन करारांत ५८ डॉलरचा फरक पडला. या कराराच्या तेलाची डिलिव्हरी जिथे होते त्या कुशिंगच्या टाक्यांत तेल ठेवायला जागा नसलेले लोक मे महिन्याच्या करारातून कोणत्याही भावाने बाहेर पडत होते. बहुतेक उलाढाल तोवर जूनच्या करारात गेलेली होती. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला पातळ बाजार आला.

म्हणून बदल कधी करायचा हे उलाढालीवरून ठरवणे जास्त शहाणपणाचे. प्रचलित नियम असा: पुढच्या कराराचा व्हॉल्यूम लागोपाठ दोन पूर्ण सत्रांत चालू करारापेक्षा जास्त झाला की तिसऱ्या सत्रात बदल करायचा. तोवर तसे झाले नाही, तर एक्स्पायरीआधीच्या ठरावीक दिवशी सक्तीने करायचा. या नियमाला दोन अटी लागतात. एकदा पुढे गेलेला प्रोग्राम पुन्हा मागे येता कामा नये, नाहीतर व्हॉल्यूम खालीवर होताना तो दोन करारांत हेलपाटे घालत राहतो. दुसरी अट जुन्या डेटावर चाचणी घेतानाची. दिवसाचा व्हॉल्यूम दिवस संपल्यावरच कळतो, म्हणून त्याच दिवशी बदल केल्याचे दाखवणारी चाचणी भविष्यातली माहिती वापरत असते. तिचे आकडे प्रत्यक्षापेक्षा गोड निघतात.

आता मालिकेचा प्रश्न. समजा, एका प्रोग्रामचा नियम साधा आहे: बंद भाव २० दिवसांच्या सरासरीच्या वर गेला तर खरेदीत, खाली गेला तर विक्रीत. बदलाच्या दिवशी जुलैचा करार ७०.४० वर बंद झाला आणि ऑगस्टचा ७१.१०. दोघांत ०.७० चा फरक आहे. जुलैच्या भावांवर सरासरी ७०.७५ येते. भाव तिच्या खाली आहे, म्हणून प्रोग्राम विक्रीत आहे आणि त्याने विक्रीतच राहायला हवे.

समजा, मालिका नुसती चिकटवली, म्हणजे कालपर्यंतचे भाव जुलैचे ठेवून आजचा ऑगस्टचा घेतला. २० पैकी एकच भाव ०.७० ने वाढल्यामुळे सरासरी केवळ ०.०३५ ने सरकते आणि सुमारे ७०.७९ होते. भाव मात्र एकदम ७१.१० दिसतो. प्रोग्रामला वाटते की कल फिरला. तो विक्री सोडून खरेदीत जातो. बाजार जागचा हललेला नसतो, हललेले असते ते फक्त कराराचे नाव. या चुकीची खूण अशी की एक्स्पायरीच्या आसपास दर महिन्याला एकाच दिशेचे सिग्नल येऊ लागतात. पुढचा करार महाग असेल तेव्हा खरेदीचे, स्वस्त असेल तेव्हा विक्रीचे. चार्टवर मिळणाऱ्या `CL1!` सारख्या सलग चिन्हांतही हा सांधा असू शकतो. ते चिन्ह कोणत्या दिवशी करार बदलते आणि फरक दुरुस्त करते की नाही, हे तपासल्याशिवाय त्यावर नियम चालवू नये. शिवाय त्या चिन्हावर ऑर्डर टाकता येत नाही. बाजारात असा करारच नसतो.

दुरुस्तीची रूढ रीत म्हणजे मागचे सगळे भाव फरकाने सरकवणे. इथे जुलैच्या प्रत्येक भावात ०.७० मिळवले की सरासरी ७१.४५ होते, आजचा भाव ७१.१० तिच्या खालीच राहतो आणि सिग्नल बदलत नाही. मागचे भाव सरकवायचे, पुढचे नाही, यालाही कारण आहे. त्यामुळे मालिकेतला ताजा भाव नेहमी बाजारातला खरा भाव असतो आणि त्यावरून काढलेला आकडा थेट ऑर्डरीत घालता येतो. अशा बेरजा वर्षानुवर्षे साचत गेल्या की जुने भाव प्रत्यक्षापासून फार दूर जातात, कधी उणेही होतात, आणि त्यांवरून टक्केवारीतला परतावा काढणे निरर्थक ठरते. टक्केवारी हवी असेल तर फरकाऐवजी गुणोत्तराने दुरुस्ती करतात. पण २०२० च्या त्या उणे भावाने दाखवून दिले की गुणोत्तरही सगळीकडे चालत नाही. माझ्या मते ज्या नियमात भावांची वजाबाकी आहे त्याला फरकाची दुरुस्ती द्यावी, ज्यात भागाकार आहे त्याला गुणोत्तराची. दोन्हींसाठी एकच मालिका पुरवण्याचा आळस करू नये.

फरक मोजताना दोन्ही भाव एकाच क्षणाचे हवेत. पुढचा करार अजून थंड असेल तर त्यातला शेवटचा सौदा वीस मिनिटांपूर्वीचाही असू शकतो, आणि तो जुलैच्या ताज्या भावाशी लावला की खोटा फरक निघतो. दोन्हींचे त्याच दिवसाचे सेटलमेंट भाव, म्हणजे बाजाराने दिवसाअखेर जाहीर केलेले अधिकृत भाव, घेतले की हा घोळ टळतो.

पोझिशनचे गणितही याच फरकावर चालते. समजा, प्रोग्रामने जुलैचे दोन करार ७१.३० ला विकलेले आहेत आणि ७१.५० ला खरेदीचा स्टॉप, म्हणजे भाव तिथे पोचताच तोटा थांबवणारी ऑर्डर, लावलेला आहे. ७०.४० ला जुलै परत घेतला आणि ७१.१० ला ऑगस्ट विकला, तर स्टॉपही ०.७० वर सरकून ७२.२० होतो. ताळा असा करता येतो: जुलैत बॅरलमागे ०.९० नफा पदरात पडला, ऑगस्टमध्ये स्टॉप लागला तर १.१० तोटा, म्हणजे एकूण ०.२० तोटा, दोन करारांवर ४०० डॉलर. मूळ जोखीमही तेवढीच होती. स्टॉप ७१.५० वरच राहिला असता तर तो नव्या भावापासून १.१० ऐवजी फक्त ०.४० अंतरावर आला असता आणि किरकोळ हालचालीतही लागला असता. आदल्या दिवसाचा उच्चांक, प्रवेशाचा भाव, ट्रेलिंग स्टॉपची पातळी, असे जे जे आकडे प्रोग्राम जपून ठेवतो ते सगळे याच वेळी सरकले पाहिजेत. ऑगस्ट ७० सेंट महाग विकला म्हणून नफा झाला असे मात्र नाही. तो फक्त नव्या व्यवहाराचा सुरुवातीचा भाव आहे.

जुना करार आधी बंद करून मग नवा घ्यायचा, तर मधल्या काळात भाव सरकण्याची जोखीम उरते. त्यासाठी बाजारात कॅलेंडर स्प्रेडची ऑर्डर असते. तीत दोन्ही बाजू एकत्र पूर्ण होतात किंवा दोन्ही होत नाहीत. तेलात स्प्रेड खरेदी करणे म्हणजे जवळचा करार घेणे आणि लांबचा विकणे, म्हणून वरच्या विक्रेत्याने स्प्रेड खरेदी करायचा, भाव उणे ०.७० च्या आसपास. काही वायद्यांत हीच दिशा उलटी धरतात. तिथे आधी एकाच कराराने तपासून न पाहता पूर्ण ऑर्डर टाकली तर पोझिशन पुढे जाण्याऐवजी जुन्या करारात दुप्पट होते. स्प्रेड उणे ०.६८ ला मिळाला तरी मालिका आणि स्टॉप सरकवायला सेटलमेंटचा ०.७० च वापरावा, आणि दोन सेंटचा फरक फक्त नफा-तोट्याच्या हिशेबात टाकावा. नाहीतर सिग्नलची पट्टी आणि ऑर्डरींची पट्टी दर महिन्याला एकमेकींपासून थोडी थोडी सुटत जाते.

क्रम महत्त्वाचा आहे. प्रोग्राम आधी नवे सिग्नल थांबवतो, मग जुन्या करारावरच्या सगळ्या प्रलंबित ऑर्डरी रद्द करायला सांगतो आणि रद्द झाल्याची पोच येईपर्यंत थांबतो. विनंती पोचण्याआधीच स्टॉप लागलेला असू शकतो, म्हणून त्यानंतर पोझिशन स्वतःच्या आठवणीतून न घेता ब्रोकरकडून पुन्हा विचारून घ्यायची. स्प्रेड पूर्ण झाला की नव्या करारावर स्टॉप लागतो, आणि तो स्वीकारला गेल्यावरच चालू कराराचे नाव बदलते. दोनपैकी एकच करार पुढे गेला, तर स्टॉपही जुन्यावर एकाचा आणि नव्यावर एकाचा, असा ज्याच्या त्याच्या भावाने लावायचा. मधले काही सेकंद पोझिशन स्टॉपविना असते, म्हणून हे काम भरगच्च उलाढालीच्या वेळेत करतात, सत्र उघडताना किंवा मोठी आकडेवारी जाहीर होताना नाही. प्रत्येक पायरी संपली की तिची नोंद डिस्कवर लिहायची. अर्ध्यात बंद पडलेला प्रोग्राम पुन्हा सुरू झाल्यावर दुसऱ्यांदा स्प्रेड टाकू नये, एवढ्यासाठी.

प्रत्यक्षात सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे जुन्या करारावर विसरलेली, रद्द करेपर्यंत जिवंत राहणारी ऑर्डर. प्रोग्राम आता ऑगस्टकडे बघत असतो. जुलैचा स्टॉप लागला तर तिथे नवीच खरेदी उभी राहते, जिला स्टॉप नाही आणि जिची प्रोग्रामला कल्पनाही नाही. ती पकडायची तर चौकशी चालू कराराच्या नावाने न करता मूळ मालाच्या नावाने करावी लागते:

```
for x in open_orders("CL") + positions("CL"):
    if x.symbol != active:
        alert(x)
```

रोलओव्हर झाल्या झाल्या ही तपासणी होतेच. पण जुना करार बंद होईपर्यंत ती रोज चालवतात, कारण उशिरा आलेली पोच किंवा हाताने टाकलेली एखादी ऑर्डर नंतरही उगवू शकते.