पहिलंच वीजबिल अवाच्या सवा? अर्ज ‘मीटर फास्ट’चा की ‘मीटर अदलाबदली’चा

माझ्या मावसभावाने नव्या संकुलात स्टेशनरीचं दुकान घेतलं, भाड्याने. चार एलईडी ट्यूब, दोन पंखे, एक कॅमेरा. हिशेबाने महिन्याला ८०-८५ युनिट. पहिलं बिल आलं ६४० युनिटचं! त्याने तडक ‘मीटर फास्ट आहे, तपासा’ असा अर्ज लिहायला घेतला.

मी थांबवलं. मीटर चांगला निघाला तर ‘मीटर योग्य’ असा शेरा पडतो, तपासणीचे पैसेही जातात आणि बिल होतं तिथेच राहतं. आधी मीटररूममध्ये जा, म्हटलं. बिलावरचा मीटर क्रमांक शोधून त्याने दुकानाचा मेन स्विच पाडला. तरी त्या मीटरचा लाल दिवा लुकलुकतच होता, आणि शेजारच्या मीटरचा मात्र थांबला. शेजारी आइस्क्रीमचं दुकान, तीन डीप फ्रीजर. वायरिंग करताना दोन मीटरच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. हा शेजाऱ्याचा वापर भाऊ भरणार होता.

अशा वेळी अर्जात स्पष्ट लिहायचं: ‘मीटर अदलाबदल झाली आहे, स्थळपाहणी करून बिल दुरुस्त करावे.’ अर्ज वीज वितरण कंपनीच्या उपविभाग कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. सोबत बिलाची प्रत, भाडेकरार, ओळखपत्र आणि दोन्ही मीटरचे क्रमांक व रीडिंग दिसतील असे फोटो जोडा. जोडणी मालकाच्या नावावर असते म्हणून काउंटरवर भाडेकरूला परत पाठवतात. पण वीज कायदा २००३, कलम २(१५) प्रमाणे ज्याच्या जागेला वीज जोडलेली आहे तोही ग्राहकच. तरी मालकाचं संमतिपत्र जोडलेलं बरं, वाद घालण्यात सकाळ जात नाही. पाहणीच्या वेळी शेजाऱ्यालाही बोलवा, अहवालावर त्याची सही असू द्या. सुधारित बिल त्यालाही येणार असल्याने तो सहजी येत नाही, हे आधीच धरून चला.

तोवर बिलाची मुदत संपते. बिल थकवू नका. कलम ५६(१) नुसार मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तोडण्याआधी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीसही लागते. भावाची दुकानातली सहा महिन्यांची नोंदच नव्हती, म्हणून त्याने पूर्ण रक्कम भरली आणि निषेधाचं पत्र वेगळं दिलं.

दाद मिळाली नाही तर पुढची पायरी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. तिथेही समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच येतो: पोच कुठे आहे?