क्लीन रूमसाठी एअर हँडलिंग युनिटचे नियंत्रण

क्लीन रूमला हवा पुरवणाऱ्या एअर हँडलिंग युनिटमध्ये तापमान, आर्द्रता आणि डिफरन्शियल प्रेशर, म्हणजे खोली व बाहेर यांच्या दाबातला फरक, या तीन गोष्टींसाठी तीन नियंत्रण लूप असतात. त्यांतले पहिले दोन एकाच कूलिंग कॉइलवर अवलंबून असल्याने एकमेकांच्या आड येतात.

खोलीत २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता हवी आहे असे धरू. या हवेचा दवबिंदू सुमारे १० अंश येतो. खोलीत माणसांमुळे वाढणारी वाफ काढायची तर कॉइलमधून बाहेर पडणारी हवा याहूनही किंचित थंड लागते. पण तापमान राखायला १६ अंशांची हवा पुरत असेल, तर तीच हवा रीहीट कॉइलने पुन्हा तापवावी लागते. म्हणून चिल्ड वॉटर व्हॉल्व्हला दोन्ही लूपच्या मागण्यांपैकी मोठी मागणी दिली जाते:

```
cooling_valve = max(temp_demand, humidity_demand)
```

रीहीट व्हॉल्व्ह मात्र फक्त तापमानाच्या लूपकडे राहतो.

आर्द्रतेचा लूप थेट सापेक्ष आर्द्रतेवर चालवला की त्रास सुरू होतो. हवेतले पाणी तेवढेच असताना खोली एका अंशाने तापली, तरी आर्द्रता ५० वरून ४७ टक्क्यांवर उतरते. कंट्रोलरला वाटते हवा कोरडी झाली. तो कूलिंग कमी करतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह झुलू लागतात. तापमान व आर्द्रतेवरून दवबिंदू काढून त्यावर लूप चालवणे हा यावरचा खरा उपाय. नुसता गेन कमी केल्याने दुखणे लपते. आर्द्रतेचा सेन्सर जास्त दाखवू लागला, तर खोली गरजेपेक्षा कोरडी होते आणि कूलिंग व रीहीट दोन्ही व्हॉल्व्ह दिवसभर बरेच उघडे दिसतात. पावसाळी हवेत तेही रास्त असू शकते, त्यामुळे आधी कॅलिब्रेट केलेल्या मीटरशी ताडून पाहावे.

दाबाचा लूप बहुधा रिटर्न डॅम्पर हलवतो. पुरवठ्याची हवा स्थिर ठेवली जाते. खोलीत ताशी ३००० घनमीटर हवा येते, रिटर्नमधून २७०० जाते आणि उरलेली ३०० फटींतून बाहेर पडते. त्या गळतीवर १५ पास्कल दाब टिकतो. दार उघडले की दाब जवळपास शून्य होतो. तो कोणत्याही डॅम्परने सावरत नाही, पण कंट्रोलरचा इंटिग्रल भाग, म्हणजे वेळेनुसार चुकीची बेरीज करणारा भाग, साठत जातो आणि डॅम्पर मिटत राहतो. दार लागताच रिटर्न २४०० वर आलेला असेल, तर ६०० घनमीटर हवेला फटींतूनच वाट काढावी लागते. गळती साधारण दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. ती दुप्पट होण्यासाठी दाब चौपट, म्हणजे ६० पास्कल, लागतो. दार उघडणे जड होते, सीलिंग पॅनेल कुरकुरतात.

म्हणून दाराला स्विच बसवतात. दार उघडे असेपर्यंत कंट्रोलरचे आउटपुट आणि इंटिग्रल दोन्ही गोठवतात आणि दार लागल्यावर काही सेकंदांनी लूप सोडतात. दाबाच्या अलार्मलाही असाच विलंब ठेवावा लागतो. नाहीतर प्रत्येक ये-जा अलार्म वाजवते आणि ऑपरेटर तो न वाचताच बंद करायला शिकतात.