वायरच्या रंगावर जाऊ नका

सिंगल फेज मोटरच्या तीन वायरी ओळखायच्या म्हटलं की कुणीतरी म्हणतं, “लाल रनिंग, निळी स्टार्टिंग, काळी कॉमन. सरळ आहे, मीटर कशाला?”

मोटर एकदा रिवाइंडिंगला जाऊन आली की रंगांचा भरवसा संपला. दुकानात हाताला येईल ती वायर जोडतात. सप्लाय बंद करा, कपॅसिटर डिस्चार्ज करून सोडवा, मीटर २०० ओहमवर ठेवा आणि दोन-दोन वायरींची जोडी करून मोजा. माझ्या अर्ध्या एचपीच्या पंपावर लाल-काळी २८, लाल-निळी ८, काळी-निळी २० आलं. २८ म्हणजे दोन्ही वाइंडिंग मिळून, म्हणून त्या जोडीबाहेरची निळी कॉमन. तिच्यापासून कमी ओहमची लाल रनिंग (मेन), जास्तीची काळी स्टार्टिंग.

वॉशिंग मशीनच्या वॉश मोटरला मात्र दोन्ही वाइंडिंग बहुधा सारखीच असतात. तिथे फक्त कॉमन सापडते.