वेल्डिंग प्रोसिजर स्पेसिफिकेशनचं मराठी भाषांतर

वेल्डिंग प्रोसिजर स्पेसिफिकेशन, म्हणजे सगळे ज्याला डब्ल्यूपीएस म्हणतात तो कागद. सांधा कसा तयार करायचा, कुठला रॉड वापरायचा, किती करंट, कुठल्या पोझिशनला काम करायचं हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. पुण्यात भोसरी, चाकण, पिंपरी-चिंचवडच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये हा कागद येतो इंग्रजीत, बहुतेक वेळा एएसएमई सेक्शन 9 नाहीतर एडब्ल्यूएस डी1.1 या अमेरिकन कोडप्रमाणे केलेला, आणि गिऱ्हाईक युरोपातलं असेल तर आयएसओप्रमाणे. पण प्रत्यक्ष काम करणारे फिटर आणि वेल्डर मराठी वाचणारे असतात, म्हणून शॉपमध्ये लावायला मराठी प्रत करतात.

आयटीआयच्या कागदावर वेल्डरला संधाता आणि फिटरला जोडारी म्हणतात, शब्द चांगले आहेत, पण शॉपमध्ये ते कोणी बोलत नाही. तिथे रूट, गॅप, लँड, बेव्हल, टॅक, कॅप हेच शब्द चालतात, आणि माझं मत असं की भाषांतरातही तेच ठेवावेत. रूटला मूळ आणि बेव्हलला उतार लिहिलं की वाचणाऱ्याला आधी ते मनातल्या मनात परत इंग्रजीत न्यावं लागतं. मराठी करायचं ते क्रियेचं आणि दिशेचं, म्हणजे काय उभं आहे, काय आडवं, काय फिरतंय, कोण कुठून कुठे जातंय.

सांध्याच्या भागात सगळ्यात महाग पडणारी चूक कोनाची असते. इंग्रजी कागदात दोन वेगळे कोन येतात. बेव्हल अँगल म्हणजे एका प्लेटची कड जेवढी तिरकी कापली तेवढा, आणि ग्रूव्ह अँगल म्हणजे दोन्ही प्लेट समोरासमोर ठेवल्यावर मधे जो पूर्ण व्ही उघडतो तो. साध्या व्ही बट जॉइंटला बेव्हल 30 अंश असेल तर ग्रूव्ह 60 अंश. मराठीत दोन्हीला नुसतं "कोन" लिहिलं की झालं, फिटर 60 वाचतो आणि दोन्ही प्लेट 60 ने कापतो, व्ही होतो 120 चा.

12 मिमी प्लेट घ्या, गॅप म्हणजे दोन कडांमधली फट 3 मिमी, लँड म्हणजे कडेचा खालचा न कापलेला सरळ भाग 2 मिमी. बरोबर व्ही काढला तर वरचं तोंड साधारण 14.5 मिमी उघडतं आणि भरायचं क्षेत्रफळ 94 चौरस मिमीच्या आसपास येतं. चुकीच्या व्हीला तेच तोंड 37-38 मिमी होतं आणि क्षेत्रफळ 209, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त रॉड जळतो, पास म्हणजे वेल्डचे थर वाढतात, आणि थंड होताना एवढं धातू आकसतं की प्लेट वर उचलली जाते. भोसरीतल्या एका शॉपमध्ये मी अशी कापलेली प्लेट स्वतः पाहिलीये, फिटरने कागदात लिहिलं होतं तेच केलं होतं, त्याला बोल लावण्यात काही अर्थ नव्हता. तेव्हापासून मी "कोन" हा शब्द एकटा कधीच लिहित नाही, "एका प्लेटची कड 30 अंश, दोन्ही मिळून व्ही 60 अंश" असं पूर्ण लिहितो, ओळ लांब झाली तरी चालेल.

सांधा आणि वेल्ड या दोन गोष्टीही वेगळ्या ठेवायला हव्यात. बट, कॉर्नर, टी, लॅप, एज हे सांधे, म्हणजे दोन तुकडे एकमेकांना कसे भिडलेत ते. ग्रूव्ह म्हणजे कापलेल्या कडांमधल्या खाचेत भरलेलं आणि फिलेट म्हणजे दोन तुकड्यांच्या कोपऱ्यात मारलेलं, हे वेल्डचे प्रकार. टी सांध्याला फिलेट मारता येतं तसं कड कापून ग्रूव्हही मारता येतं, त्यामुळे दोन्हीला "जोड" म्हटलं तर यातलं नेमकं कुठलं ते कळत नाही.

पोझिशनच्या कोडमध्ये आकडा आणि G किंवा F असतो, G ग्रूव्हसाठी, F फिलेटसाठी. प्लेटवर हे सोपं आहे, 1G सपाट, 2G आडवं, 3G उभं, 4G डोक्यावर. गोंधळ पाईपला होतो. 2G ला इंग्रजीत हॉरिझॉन्टल म्हणतात, भाषांतर करणारा "आडवी पोझिशन" लिहितो, आणि वेल्डर पाईप आडवा बांधतो. पण 2G मध्ये पाईप उभा असतो, आडवा असतो तो सांधा, पाईपभोवती कमरपट्ट्यासारखा. आडवा पाईप म्हणजे 5G, नाहीतर फिरवत असाल तर 1G, आणि त्या दोघांत फरक फक्त "फिक्स" या एका शब्दाचा आहे, तो गळला की वेल्डर पाईप रोलरवर ठेवून आरामात वरूनच मारतो आणि वेल्डरची टेस्ट असेल तर तिला 5G म्हणून काही किंमत राहत नाही.

म्हणून कोड जसाच्या तसा ठेवून त्याच्यापुढे पाईपची अवस्था लिहावी: 1G पाईप आडवा, फिरता, 2G पाईप उभा, 5G पाईप आडवा, फिक्स, 6G पाईप 45 अंशात तिरका, फिक्स. 5G मधून खालून वर जायचं की वरून खाली हे कळत नाही, ते डब्ल्यूपीएसमध्ये वेगळ्या ओळीत असतं. आयएसओमध्ये मात्र ते कोडमध्येच येतं, आडव्या फिक्स पाईपला चढतं PH आणि उतरतं PJ. "अपहिल"ला "चढतं" आणि "डाउनहिल"ला "उतरतं" हे शब्द वेल्डरला सांगावे लागत नाहीत, एकदा वाचले की कळतात.

रॉडच्या कोडला हातच लावायचा नाही. E7018 मधला 70 म्हणजे वेल्डची ताणशक्ती किमान 70 हजार पाउंड प्रति चौरस इंच, पुढचा 1 म्हणजे सगळ्या पोझिशनला चालतो फक्त उभ्यात वरून खाली नाही, आणि शेवटचा 8 कमी हायड्रोजनचं कोटिंग सांगतो. हा अर्थ टीप म्हणून द्यावा, कोड बदलू नये. कोणी मेट्रिक करायला जातो तर त्याचं E4918 होतं, हा कोडही खरा आहे, पण स्टोअरवाल्याच्या पाकिटावर तो सापडेलच असं नाही. देवनागरी आकड्यातही लिहू नये, देवनागरी १ घाईत इंग्रजी 9 सारखा दिसतो, आणि वेल्डर कागद ताडून बघतो तो रॉडच्या होल्डरकडच्या टोकाला कोटिंगवर छापलेल्या अक्षरांशी.

याच रॉडच्या ओळीत बेकिंग आणि होल्डिंग येतं, दोन्हीला "गरम करणे" लिहिलेलं मी वाचलंय. एडब्ल्यूएस डी1.1 प्रमाणे E7018 चं बेकिंग 260 ते 430 अंश सेल्सिअसला किमान दोन तास, त्यानं कोटिंगमध्ये शिरलेली ओल जाते. होल्डिंग म्हणजे बेक झालेला रॉड परत ओल धरू नये म्हणून ओव्हनमध्ये कमी तापमानाला ठेवणं. म्हणून एकाला "भाजणे" आणि दुसऱ्याला "गरम ठेवणे" लिहिलं की काम होतं. तसंच प्रीहीट म्हणजे वेल्ड सुरू करण्याआधीचं प्लेटचं तापमान, त्यापुढे "कमीत कमी", आणि इंटरपास म्हणजे दोन पासच्या मधलं तापमान, त्यापुढे "जास्तीत जास्त" हे शब्द गळू देऊ नयेत, नुसते दोन आकडे उरले तर वेल्डर ते रेंज समजतो.

मराठी प्रत इंग्रजीशेजारी, त्याच ओळ नंबरने आणि त्याच रिव्हिजन नंबरने लावतात, वाद झाला तर इंग्रजीच खरी धरतात. इंग्रजीचं रिव्हिजन 2 आलं आणि भिंतीवर मराठीचं 1 राहिलं तर ती काढून टाकायची. आणि प्रत लावायच्या आधी ज्याने इंग्रजी कागद बघितलेला नाही अशा फिटरला मराठी वाचायला देतात, खडूने सांधा काढून दाखव, पाईप कसा बांधशील ते हाताने दाखव म्हणतात. 12 मिमीच्या प्लेटला त्याने व्हीचं तोंड पंधराच्या आसपास काढलं आणि 2G ला हात उभा धरला तर प्रत लावायला हरकत नाही.