वर्णांधांना वाचता येणारी रंगयोजना

आलेख, नकाशे व आकृत्या यांतील रंग असे निवडणे, की ज्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही त्यालाही माहिती अचूक वाचता यावी. आणि रंगाच्या जोडीला आकार, ठिपके, रेघा यांची दुसरी खूण ठेवणे. ही नोंद कोकण किनाऱ्यावर दर पावसाळ्यात हातोहात फिरणाऱ्या एका आकृतीच्या, म्हणजे जिल्हावार पाऊस-इशाऱ्याच्या नकाशाच्या अंगाने लिहिली आहे.

डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांपैकी लाल व हिरव्याकडे झुकणाऱ्या दोन प्रकारांची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने हा दोष पुरुषांत बराच जास्त आढळतो. हिरव्या शंकुपेशी निकामी असतील, तर लाल आणि मध्यम हिरवा हे दोन्ही रंग सुक्या गवतासारखे पिवळट-तपकिरी दिसतात. लाल शंकुपेशी निकामी असतील, तर त्यात भर पडून लाल रंग काळपटतो. निळा आणि पिवळा यांतला फरक मात्र दोघांनाही दिसतो. म्हणून नवा आलेख काढताना निळा-नारिंगी ही जोडी लाल-हिरव्यापेक्षा केव्हाही बरी. हर्णै, रत्नागिरी आणि वेंगुर्ल्याच्या पावसाच्या तीन रेघा काढायच्या असतील, तर मासाताका ओकाबे व केई इतो यांच्या आठ रंगांच्या संचातला निळा `#0072B2`, नारिंगी `#E69F00` आणि काळा घ्यावा, आणि गावाचे नाव रेघेच्या टोकालाच लिहावे.

इशाऱ्याच्या नकाशात अशी मोकळीक नसते. भारतीय हवामान विभागाचे हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल हे चार रंग ठरलेले आहेत आणि ‘रेड अलर्ट’ हा शब्द बंदरावरच्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. लालाच्या जागी निळा भरला तर ज्यांना सगळे रंग दिसतात तेच गोंधळतील. तेव्हा रंगाचे नाव तेच ठेवून त्याची छटा बदलायची.

खरी अडचण उजळपणात आहे. संगणकावरचा नेहमीचा लाल `#FF0000` आणि हिरवा `#008000` यांच्या उजळपणाचे गुणोत्तर जेमतेम 1.3:1 भरते; वर्णांध माणसाला रंगही सारखा आणि उजळपणाही जवळपास सारखा. समजा, रायगडला लाल इशारा आणि पालघरला हिरवा आहे. सर्वांत धोक्याचा आणि सर्वांत निर्धास्त जिल्हा त्याला एकाच पट्टीतले वाटू शकतात. उपाय असा, की हिरवा अगदी फिका, लाल अगदी गडद घ्यावा आणि धोका वाढेल तशी रेघांची दाटीही वाढवावी:

```python
rang = ["#E5F5E0", "#F0E442", "#E69F00", "#A50F15"]
khuna = ["", "..", "//", "xx"]
```

या छटांत उजळपणा पायरीपायरीने उतरतो. नारिंगी व लाल यांत सुमारे 3.5:1 एवढे अंतर पडते. हिरवा व पिवळा यांत मात्र ते 1.2:1 एवढेच राहते. फिक्या हिरव्याशेजारी पिवळा अधिक भडक दिसतो, हा थोडा आधार असला तरी तिथे पिवळ्यावरचे ठिपके आणि जिल्ह्यांची काळी सीमारेषा हवीच. गडद लालावरची जाळी पांढऱ्या रेघांची असावी. काळी जाळी त्यात बुडून जाते.

दुसरी खूण फसते ती लहान जागेत. मुंबई शहर जिल्हा नकाशावर एवढासा, त्यात तिरप्या रेघा दोनच मावतात. त्यातून चित्र व्हॉट्सॲपवरून तीनदा पुढे गेले की बारीक रेघांचा करडा डाग होतो. अशा जिल्ह्यातून बाहेर रेघ ओढून तिच्या टोकाला ‘लाल’ किंवा ‘नारिंगी’ असा शब्द लिहावा. माझ्या मते हा शब्द सर्वच जिल्ह्यांवर हवा, कारण सूचीतला चौकोन आणि नकाशातला जिल्हा यांचे रंग ताडून पाहणे हेच वर्णांध माणसाला सर्वांत जड जाते.

खात्री करायला नकाशाची कृष्णधवल छायाप्रत काढावी आणि सूची झाकून जिल्हे वाचावेत. ही परीक्षा गरजेपेक्षा कडक आहे. चालण्याजोगी निळी-पिवळी जोडीही, उजळपणा सारखा असल्यास, तिच्यात नापास होते. तशा वेळी क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये `Rendering` खाली `Emulate vision deficiencies` निवडून पाहावे.

किनाऱ्यावर ही दुहेरी खूण समुद्रातच तरंगत असते. बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल बोया, उजव्या हाताला हिरवा. लाल बोया डब्याच्या आकाराचा किंवा डोक्यावर डब्याची खूण असलेला, हिरवा शंकूचा किंवा शंकूची खूण असलेला; त्यामुळे उन्हाच्या तिरिपेत रंग कळला नाही तरी वाट कळते. रात्री आकार दिसत नाही, उरतात लाल व हिरवे दिवे.