वर्कशॉपच्या पंपासाठी छोटा पीएलसी की मायक्रोकंट्रोलर?

हिंगणा, बुटीबोरीकडच्या शेडमध्ये पंपाचं काम बहुतेक सारखंच असतं. पाण्याच्या वेळेला खालची टाकी भरते, 3 एचपीचा थ्री-फेज पंप ते पाणी वर चढवतो. वरच्या टाकीत रिकामी-भरलीचे दोन फ्लोट, खालच्या टाकीत एक. एवढंच हवं असेल तर पीएलसीही नको आणि बोर्डही नको. फ्लोट, कॉन्टॅक्टर आणि त्याचा होल्डिंग कॉन्टॅक्ट पुरतो, आणि आम्ही तेच सुचवू.

प्रश्न येतो तो खालचं पाणी संपल्यावर. फ्लोट सुटतो, पंप थांबतो, पाइपातलं पाणी परत खाली येतं, फ्लोट पुन्हा उचलतो आणि पंप पुन्हा सुरू होतो. मिनिटाला चार-पाच वेळा असं झालं की मोटर तापते. इथे दहा मिनिटांचा टायमर लागतो. वीज परत आल्यावर तीस सेकंद थांबायचं असेल तर आणखी एक. मग छोटा पीएलसी घ्यावा. टायमर सोडले तर मूळ लॅडर एका ओळीचा आहे:

```
    I1        I2    I3    I4      Q1
--+-[ ]-+----[ ]---[ ]---[ ]-----( )
  | Q1  |
  +-[ ]-+
```

I1 म्हणजे वरची टाकी रिकामी, I2 म्हणजे अजून भरलेली नाही, I3 म्हणजे खाली पाणी आहे, I4 म्हणजे ओव्हरलोड ठीक. Q1 कॉन्टॅक्टर ओढतो आणि स्वतःला धरूनही ठेवतो. I2, I3, I4 तिन्ही सगळं ठीक असताना बंद राहणारे कॉन्टॅक्ट मुद्दाम घेतले आहेत, म्हणजे उंदराने वायर कुरतडली तर पंप थांबतो, टाकी वाहत नाही. ओव्हरलोडचा 95-96 मात्र कॉइलच्या वायरीतही सीरिजमध्ये घ्यावा. फक्त प्रोग्रामवर सोडू नये.

खरा फायदा बिघाडाच्या दिवशी कळतो. टाकी रिकामी, पंप बंद. वायरमन पॅनल उघडतो, इनपुटचे दिवे बघतो: I1, I2, I4 लागलेत, I3 विझलेला. खाली पाणी दिसतंय, म्हणजे फ्लोट अडकला किंवा त्याची वायर तुटली. लॅपटॉप न लावता शोध संपला.

आता मायक्रोकंट्रोलर. बोर्ड काही शे रुपयांत मिळतो, पीएलसीला हजारो लागतात, म्हणून ग्राहकांचं मन तिकडे जातं. पण फ्लोटची वायर तीस मीटर, ती मोटरच्या केबलशेजारून आलेली. बोर्डाचा आतला पुल-अप 20 ते 50 किलोओहमचा, म्हणजे 5 व्होल्टवर फ्लोटमधून जेमतेम 0.1 ते 0.25 मिलिअँपिअर जातो. एवढ्यात मोटरच्या केबलचा गोंगाट सहज सिग्नल बनतो आणि फ्लोटच्या कॉन्टॅक्टवर बसलेला काळा थरही तुटत नाही. पीएलसीचा 24 व्होल्टचा इनपुट काही मिलिअँपिअर ओढतो, तिथे हा त्रास क्वचितच येतो. बोर्डावर तसंच हवं असेल तर 24 व्होल्ट, ऑप्टोकपलर आणि 3.9 किलोओहम लावा. साधारण 6 मिलिअँपिअर जाईल.

दुसरा त्रास कॉन्टॅक्टर सुटताना होतो. कॉइलच्या झटक्याने बोर्ड रिसेट होतो. बाजारातली बरीच रिले मॉड्यूल पिन LOW झाली की ओढतात, आणि प्रोग्राम नीट लिहिला नसेल तर सुरुवातीला पिन क्षणभर LOW जाते. रिले ओढते, कॉन्टॅक्टर ओढतो, सुटतो, पुन्हा झटका, पुन्हा रिसेट. पॅनलमधून खडखड ऐकू आली तर आधी हाच संशय घ्या. ATmega बोर्डावर क्रम असा ठेवावा:

```
digitalWrite(RELAY, HIGH);
pinMode(RELAY, OUTPUT);
```

आणि कॉइलच्या टोकांवरच, बोर्डाजवळ नव्हे, 0.1 मायक्रोफॅरडचा एक्स-2 कपॅसिटर 100 ओहमसोबत सीरिजमध्ये. हा स्नबर पीएलसीलाही लावावा, त्याच्या आउटपुट रिलेचं आयुष्य वाढतं.

हे सगळं जोडलं की स्वस्त बोर्ड तितका स्वस्त राहत नाही, आणि तो ज्याने बनवला त्याच्याशिवाय कोणाला दुरुस्त करता येत नाही. तुम्ही स्वतः पंप पॅनल बनवून शेकड्यांनी विकत असाल, किंवा करंट मोजून मोबाइलवर कळवायचं असेल, तर मायक्रोकंट्रोलर बरोबर आहे; तेवढ्या संख्येत सर्किट बोर्ड नीट आखायचा खर्च निघतो. एका शेडच्या एका पंपाला आम्ही पीएलसीच लावतो.

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या वर जातो आणि पश्चिमेच्या पत्र्यावर टांगलेल्या पॅनलच्या आत त्याहून बरंच जास्त होतं. बऱ्याच छोट्या पीएलसींची मर्यादा 55 अंश असते. पॅनल सावलीच्या भिंतीला लावा. गरम हवा वर जाते, म्हणून पॉवर सप्लाय आणि कॉन्टॅक्टर वर, पीएलसी खाली. काम ताब्यात घेताना प्रोग्रामची प्रत, पासवर्ड आणि कोणता इनपुट कशाचा याचा कागद मागून घ्या, आणि कागद पॅनलच्या दारावर आतून चिकटवा.