हृदय रक्त कसं ढकलतं: बल्ब पंप मॉडेल

बल्ब पंप मॉडेल म्हणजे रबरी बल्ब, त्याच्या दोन टोकांना एक-एक नळी आणि दोन्ही टोकांना पाणी एकाच दिशेला जाऊ देणारे व्हॉल्व्ह, एवढंच सामान घेऊन हृदयाचं काम दाखवायची पद्धत. नर्सिंग मदतनिसांना शिकवायला ही फार सोयीची आहे, कारण बीपी मोजायच्या मशीनचा बल्ब त्यांनी रोज दाबलेला असतो आणि तिथेही हेच असतं, मागच्या टोकाला हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह आणि पुढे ती दंडाला गुंडाळलेल्या पट्ट्याकडे, म्हणजे कफकडे जाऊ देणारा दुसरा. फक्त तिथे हवा, इथे पाणी.

मांडणी करताना एक गोष्ट सांभाळायची. आत घेणारी नळी पाण्याच्या बादलीत बुडवायची आणि बाहेर जाणाऱ्या नळीचं तोंड बादलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवायचं. खाली ठेवलं तर बल्ब न दाबताही पाणी आपोआप वाहत राहतं, कारण दोन्ही व्हॉल्व्ह त्याच दिशेला उघडणारे असतात, आणि मग बघणाऱ्याला वाटतं की पंपाची गरजच नाही. सुरुवातीला चार-पाच वेळा दाबून आतली हवा काढून टाकायची, हवा राहिली तर बल्ब मऊ लागतो आणि पाणी नीट ढकललं जात नाही. बल्बवर बाण छापलेला असेल तर तो बाहेरच्या नळीकडे हवा.

आता दाबा. बल्ब दाबला की आतला दाब वाढतो, त्या दाबानेच मागचा व्हॉल्व्ह बंद होतो, पुढचा उघडतो आणि पाणी बाहेर जातं. सोडला की पुढचा बंद, मागचा उघडा, बल्ब परत भरतो. व्हॉल्व्हला कुणी उघड-बंद करत नाही, दोन बाजूंच्या दाबातला फरकच ते काम करतो, हे दोन-तीनदा सांगावं लागतं, कारण व्हॉल्व्ह स्वतः जोर लावतो असं बऱ्याच जणांना वाटत असतं. हृदयात बल्बच्या जागी खालचा कप्पा म्हणजे व्हेंट्रिकल, मागच्या व्हॉल्व्हच्या जागी वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली झडप आणि पुढच्या व्हॉल्व्हच्या जागी बाहेर जाणाऱ्या मोठ्या धमनीच्या तोंडाची झडप. स्टेथोस्कोपमधला पहिला 'लब' आवाज मागच्या झडपा बंद होतानाचा आणि दुसरा 'डब' पुढच्या बंद होतानाचा, म्हणजे लब ते डब या वेळात बल्ब दाबलेला आणि डब ते पुढचा लब या वेळात भरतोय. शांत बसलेल्या माणसात भरण्याचा वेळ जास्त असतो, दाबण्याचा कमी.

या मॉडेलची खरी कमाई भरण्याच्या वेळेत आहे. दाबणं सगळ्यांना लगेच पटतं, भरणं मात्र नजरेतून सुटतं. समजा पूर्ण भरलेला बल्ब एका दाबाला 60 मिली पाणी देतो. मिनिटाला 60 वेळा सावकाश दाबला तर 3600 मिली. आता वेग 120 करा. हिशोबाने दुप्पट पाणी यायला हवं, पण दोन दाबांमध्ये बल्ब अर्धाच भरला तर एका दाबाला 30 मिली, म्हणजे एकूण परत 3600च. अजून घाई करून 150 केलं आणि दर दाबाला 20 मिलीच आलं तर एकूण 3000, हात दुखला आणि पाणी कमी झालं. मोजपात्र ठेवून हे दाखवा, नुसतं बोलून नाही पोचत. विश्रांतीतल्या मोठ्या माणसाचं हृदय साधारण 70 मिली एका ठोक्याला ढकलतं, ठोके 72 धरले तर मिनिटाला सुमारे 5 लिटर. व्यायामात ठोके वाढूनही रक्त वाढतं, कारण तेव्हा शिरांतून परत येणारं रक्तही वाढतं आणि स्नायू जास्त जोराने दाबतो. नुसते ठोके फार वाढले तर मात्र भरायलाच वेळ मिळत नाही.

आता अनियमित दाबून बघा, दोन दाब सावकाश आणि मधेच एक लगेच. त्या लगेचच्या दाबाला नळीतून थेंब-दोन थेंबच येतात. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरचे कप्पे नीट आकसण्याऐवजी थरथरत राहतात आणि ठोके अनियमित पडतात असा आजार असलेल्या पेशंटमध्ये असंच होतं. समजा छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मोजले तर ठोके 110, आणि त्याच मिनिटात दुसऱ्या कुणी मनगटावर नाडी मोजली तर 84. मोजणाऱ्याची चूक असेलच असं नाही, 26 ठोके असे झाले की कप्पा नीट भरलाच नव्हता आणि लाट मनगटापर्यंत पोचली नाही. म्हणून नाडी अनियमित लागली की 15 सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, पूर्ण मिनिट मोजायचं, आणि दोन आकडे घ्यायचे असतील तर दोघांनी एकाच मिनिटात मोजायचे. बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही बोटापर्यंत पोचलेली लाटच मोजतं, त्यामुळे त्यावरचा नाडीचा आकडा कमी येऊ शकतो. 'नाडी अनियमित, छातीवर 110, मनगटावर 84' असं लिहून नर्सला लगेच सांगायचं. पेशंटला दम लागत असेल, चक्कर येत असेल किंवा छातीत दुखत असेल तर लिहीत बसायचं नाही, आधी हाक मारायची.

गळकी झडपही याच सामानावर दिसते. पुढच्या व्हॉल्व्हमध्ये दोरा अडकवा, बल्ब सोडल्यावर बाहेरच्या नळीतली पाण्याची पातळी खाली घसरते. मागच्यात अडकवला तर दाबल्यावर थोडं पाणी बादलीतच परत जातं. दोन्हीत हाताला कष्ट तेवढेच, बाहेर पाणी कमी.

आकृतीत नावं देताना पहिली टीप डाव्या-उजव्याची. पेशंट समोर तोंड करून आहे असं धरायचं, त्यामुळे हृदयाची उजवी बाजू कागदावर डावीकडे येते. कागदाच्या वर दोन्हीकडे 'पेशंटची उजवी' आणि 'पेशंटची डावी' लिहूनच चित्र काढायला घ्यावं. मग एकच वाट बाणांनी आखायची: महाशिरा, उजवा वरचा कप्पा, उजवा खालचा कप्पा, फुप्फुस धमनी, फुप्फुस, फुप्फुस शिरा, डावा वरचा कप्पा, डावा खालचा कप्पा, महाधमनी. चार झडपा बाणांच्या वाटेवर आडव्या रेघेने दाखवायच्या. रंग भरताना नेहमी गोंधळ होतो तो फुप्फुसाच्या नळ्यांत: तिथली धमनी निळी आणि शिरा लाल, कारण धमनी म्हणजे हृदयापासून लांब नेणारी नळी, आत कसलं रक्त आहे त्याचा नावाशी संबंध नाही. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड काढायची, त्याला सगळ्या शरीरात रक्त ढकलायचं असतं, उजव्याला शेजारच्या फुप्फुसापर्यंतच.

मॉडेल कुठे कमी पडतं तेही सांगून टाकावं. बल्ब एक आहे, हृदयात दोन पंप एकामागे एक जोडलेले आहेत आणि दोघांना सारखंच रक्त पुढे द्यावं लागतं. डावा मागे पडला की रक्त फुप्फुसात तुंबतं, आडवं झाल्यावर दम लागतो, उजवा मागे पडला की पाय सुजतात. बल्बला बाहेरून हात दाबतो, हृदयाचा स्नायू स्वतःच आकसतो. आणि रबर सुटल्यावर पाणी जोरात ओढून घेतं, हृदय मात्र मुख्यतः शिरांकडून येणाऱ्या रक्ताच्या दाबाने भरतं, म्हणूनच खूप रक्तस्राव झाला किंवा अंगातलं पाणी कमी झालं की हृदय ठणठणीत असूनही बीपी उतरतो आणि नाडी जलद, बारीक लागते.